एक सौदा दीड हजाराच्या जोखमीचा, दुसरा दहा हजारांच्या: दोन्ही एकाच मापात कसे नोंदवाल?

शेअर बाजारात नियमित सौदे करणाऱ्या आणि त्यांची वही ठेवणाऱ्या वाचकांकडून एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. "माझे दहापैकी पाच-सहा सौदे नफ्यात असतात, तरी वर्षाअखेर खात्यात तोटा दिसतो. मग माझी पद्धत चुकीची आहे का?" दुसरा प्रश्न याच्या उलट असतो. "या वर्षी चांगला फायदा झाला, पण तो जवळजवळ सगळा एकाच मोठ्या सौद्यातून आला. मग माझी पद्धत खरोखर चालते असं समजायचं का?"

दोन्ही प्रश्नांचं उत्तर रुपयांत ठेवलेल्या वहीतून मिळत नाही. तीन हजारांचा नफा दीड हजाराची जोखीम घेऊन मिळवला की पंधरा हजारांची, हे रुपयांचा आकडा सांगत नाही. यावर ट्रेडर मंडळी वापरतात ती पद्धत म्हणजे प्रत्येक सौद्याचा निकाल 'आर'च्या पटीत लिहिणं. व्हॅन थार्प या अमेरिकी ट्रेडिंग प्रशिक्षकांनी ती लोकप्रिय केली. गणित चौथीतल्या भागाकाराइतकंच आहे. गोंधळ होतो तो कोणता आकडा कशाने भागायचा यात, आणि तो आकडा नंतर बदलू न देण्यात. या लेखात तेवढंच पाहू.

आर म्हणजे नेमकी कोणती रक्कम?

सौद्यात शिरताना तुम्ही स्टॉपलॉस ठरवता. तो लागला तर जेवढे रुपये जातील, ती रक्कम म्हणजे त्या सौद्याचा एक आर. तुम्ही गुंतवलेली रक्कम, म्हणजे शेअरची पूर्ण किंमत, इथे मोजायची नाही.

समजा, एक शेअर तुम्ही ४२० रुपयांना घेतला, १०० नग. स्टॉपलॉस ४०५ ला. प्रत्येक नगामागे जोखीम १५ रुपये, म्हणून सौद्याची जोखीम १,५०० रुपये. गुंतले ४२,००० रुपये, पण या सौद्याचा आर आहे १,५००.

पुढे तो शेअर तुम्ही ४५३ ला विकला. नगामागे ३३ रुपये, म्हणजे ३,३०० रुपये मिळाले. दलाली, एसटीटी, मुद्रांक शुल्क, डीपी शुल्क असा सगळा खर्च १२० रुपये धरला, तर निव्वळ नफा ३,१८०. त्याला १,५०० ने भागा. उत्तर आलं २.१२. वहीत लिहायचं: अधिक २.१२ आर. जेवढं पणाला लावलं त्याच्या दुपटीहून थोडं जास्त मिळालं, असा त्याचा अर्थ.

शॉर्ट सौद्यातही हेच. ६०० ला विकून स्टॉपलॉस ६१२ ला ठेवला, तर नगामागची जोखीम १२ रुपये. दिशा कोणतीही असो, शिरण्याचा भाव आणि पहिला स्टॉपलॉस यांतलं अंतर गुणिले नग, एवढंच लक्षात ठेवा.

नोंद ठेवण्याच्या चार पायऱ्या

१. सौद्यापूर्वी स्टॉपलॉसचा भाव आणि नग लिहा. स्टॉपलॉस मनात ठेवून शिरलात आणि आकडा दोन दिवसांनी लिहिलात, तर तोवर भावाची हालचाल पाहून तो आकडा नकळत सोयीचा होतो. मग त्या सौद्याच्या आरला अर्थ उरत नाही.

२. सौदा झाल्यावर त्याच दिवशी प्रत्यक्ष मिळालेला सरासरी भाव लिहा आणि जोखमीची रक्कम कायम करा. ४२० चा विचार होता पण ४२२ ला मिळाला, तर १०० नगांची जोखीम १,७०० झाली. हाच तुमचा आर. काही जण ठरवलेला भावच धरतात. तेही चालतं, पण एकदा निवडलेली रीत सगळ्या सौद्यांना लावा.

३. बाहेर पडल्यावर कॉन्ट्रॅक्ट नोटवरून सगळा खर्च वजा करून निव्वळ नफा-तोटा लिहा. सौदा झाल्यापासून २४ तासांत कॉन्ट्रॅक्ट नोट मिळणं हा गुंतवणूकदार म्हणून तुमचा हक्क आहे. ब्रोकरच्या ॲपवर दिसणारा नफा अनेकदा खर्चापूर्वीचा असतो, शिवाय डीपी शुल्क कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये न येता खात्याच्या लेजरमध्ये वेगळं दिसतं. म्हणून नोट आणि लेजर दोन्ही पाहा.

४. निव्वळ रकमेला कायम केलेल्या जोखमीने भागा आणि आलेला आर आधीच्या बेरजेत मिळवा. आडव्या अक्षावर सौद्याचा क्रमांक, उभ्या अक्षावर आरची चालू बेरीज, असा आलेख काढला की झाला तुमचा आरमधला इक्विटी कर्व्ह. क्रम बाहेर पडण्याच्या तारखेप्रमाणे ठेवा.

तक्त्यात सूत्रं कशी घालाल?

एक्सेल किंवा गूगल शीट्स, काहीही चालेल. पहिल्या ओळीत शीर्षकं लिहा. ए स्तंभात तारीख, बी मध्ये शेअर, सी मध्ये शिरण्याचा भाव, डी मध्ये पहिला स्टॉपलॉस, ई मध्ये नग, एफ मध्ये जोखीम, जी मध्ये निव्वळ नफा-तोटा, एच मध्ये आर, आय मध्ये आरची चालू बेरीज आणि जे मध्ये रुपयांची चालू बेरीज. दुसऱ्या ओळीत ही सूत्रं घालून खाली ओढा:

```
F2:  =ABS(C2-D2)*E2
H2:  =IF(G2="","",G2/F2)
I2:  =SUM(H$2:H2)
J2:  =SUM(G$2:G2)
```

सौदा अजून चालू असेल तर जी रिकामा ठेवा, एच आपोआप रिकामा राहील. ओळी मात्र सौदे संपतील त्या क्रमाने लावून घ्या, म्हणजे आलेखाचा क्रम बिघडणार नाही.

या तक्त्यात एक चूक फार सहज होते. भाव वर गेल्यावर तुम्ही स्टॉपलॉस वर सरकवता आणि डी स्तंभातला जुना आकडा खोडून नवा लिहिता. त्याच क्षणी एफमधली जोखीम बदलते आणि जुन्या सौद्याचा आर खोटा होतो. म्हणून सरकवलेल्या स्टॉपलॉससाठी के हा वेगळा स्तंभ करा आणि डीला सौद्यानंतर हात लावू नका.

दहा सौद्यांचं उदाहरण

पाच लाख भांडवलाच्या एका खात्यातले डिलिव्हरीचे दहा सौदे पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण त्याची घडण अनेकांच्या वहीत सापडेल अशी आहे. पहिला सौदा वरचाच. सगळे निकाल खर्च वजा करून आहेत.

| क्र. | जोखीम (रु.) | निव्वळ निकाल (रु.) | आर | आरची बेरीज | रुपयांची बेरीज |
|---|---|---|---|---|---|
| १ | १,५०० | +३,१८० | +२.१२ | २.१२ | ३,१८० |
| २ | २,००० | −२,१०० | −१.०५ | १.०७ | १,०८० |
| ३ | २,००० | +३,६०० | +१.८० | २.८७ | ४,६८० |
| ४ | १,५०० | −१,५९० | −१.०६ | १.८१ | ३,०९० |
| ५ | २,५०० | +६,२५० | +२.५० | ४.३१ | ९,३४० |
| ६ | ८,००० | −८,४०० | −१.०५ | ३.२६ | ९४० |
| ७ | १०,००० | −१३,५०० | −१.३५ | १.९१ | −१२,५६० |
| ८ | २,००० | +४,४०० | +२.२० | ४.११ | −८,१६० |
| ९ | २,००० | −६०० | −०.३० | ३.८१ | −८,७६० |
| १० | २,००० | +२,४०० | +१.२० | ५.०१ | −६,३६० |

शेवटचे दोन स्तंभ शेजारी ठेवून वाचा. रुपयांच्या आलेखात पाचव्या सौद्यानंतर कडा कोसळतो आणि दहाव्या सौद्याला खातं ६,३६० रुपये तोट्यात आहे. आरच्या आलेखात त्याच जागी एक घसरण आहे, पण पुढे रेषा नव्या उंचीवर पोचते आणि ५.०१ आरवर थांबते. सौदे तेच, निकालही तेच. फरक आला तो सहाव्या आणि सातव्या सौद्यातल्या आकारामुळे. पहिले पाच सौदे चांगले गेले, हात मोकळा झाला, जोखीम दीड-अडीच हजारांवरून आठ आणि दहा हजारांवर गेली, आणि तोटा नेमका तिथे आला.

हे एका आकड्यात पकडायचं असेल, तर दोन सरासरी काढा:

```
=AVERAGE(H2:H11)
=SUM(G2:G11)/SUM(F2:F11)
```

पहिलं सूत्र प्रत्येक सौद्याला सारखं वजन देतं. इथे उत्तर येतं अधिक ०.५०, म्हणजे एका सौद्यामागे सरासरी अर्धा आर. दुसरं सूत्र रुपयांना वजन देतं. एकूण निकाल उणे ६,३६०, एकूण जोखीम ३३,५००, म्हणून उत्तर उणे ०.१९. दोन्ही जवळजवळ सारखे आले, तर तुमच्या सौद्यांच्या आकाराने निकालात काही बिघडवलं नाही. दुसरा पहिल्याहून बराच कमी आला, तर तुम्ही चुकणाऱ्या सौद्यांवर जास्त पैसे लावत आहात.

हीच ३३,५०० रुपयांची जोखीम दहा सौद्यांत सारखी वाटली असती, तर प्रत्येकी ३,३५० रुपये आली असती आणि ५.०१ आरचे सुमारे १६,८०० रुपये नफ्यात दिसले असते. म्हणजे या ट्रेडरला शेअर निवडण्याची पद्धत बदलायची गरज या नोंदींवरून तरी दिसत नाही. सौद्याचा आकार ठरवण्याची रीत मात्र लगेच बदलायला हवी.

उलट प्रकारही तितकाच महत्त्वाचा आहे. रुपयांचा आलेख चढता आणि आरचा सपाट किंवा उतरता दिसत असेल, तर तुमचा नफा एक-दोन मोठे सौदे योगायोगाने बरोबर आल्यामुळे झाला आहे. लेखाच्या सुरुवातीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. अशा वेळी भांडवल वाढवू नका.

उणे एकपेक्षा मोठा तोटा आला तर?

सातव्या सौद्यात उणे १.३५ आर दिसतं, याने अनेक वाचक गोंधळतात. स्टॉपलॉस होता, मग तोटा एक आरवर का थांबला नाही?

त्या सौद्यात ३०० रुपये भावाचे ५०० नग होते आणि स्टॉपलॉस २८० ला, म्हणून जोखीम १०,०००. बाजार बंद असताना कंपनीचा तिमाही निकाल आला आणि सकाळी शेअर २७४ ला उघडला. विक्री सरासरी २७३.७० ला झाली. नगामागे २६.३० रुपये, म्हणजे १३,१५० आणि खर्चाचे ३५०, मिळून १३,५००. स्टॉपलॉस हा विक्रीचा आदेश आहे, भावाची हमी नाही. खालच्या सर्किटला अडकलेल्या शेअरमध्ये तर खरेदीदारच नसतो. दोन-तीन दिवस सर्किट लागत राहिलं, तर दोन किंवा तीन आरचा तोटाही होऊ शकतो.

असा तोटा आला की तो आहे तसा लिहा. "ही गॅप होती, माझी चूक नव्हती" म्हणून उणे एक लिहू नका. या नोंदी जमल्या की तुमच्या पद्धतीत तोटा प्रत्यक्षात किती मोठा होतो हे कळतं. स्टॉपलॉस लागलेल्या सौद्यांची सरासरी उणे १.०५ च्या आसपास असेल तर ठीक. ती उणे १.३ च्या पलीकडे जात असेल, तर दोन कारणं तपासा. एक, कमी उलाढालीचे शेअर. दोन, निकालाच्या तारखेला धरून ठेवलेले सौदे. स्टॉपलॉस लागू नये म्हणून तो खाली सरकवण्याची सवय असेल, तर तीही इथेच उघडी पडते.

जिथे नोंद हमखास चुकते

अर्धा माल आधी विकला. समजा ३०० ला २०० नग घेतले, स्टॉपलॉस २९० ला, जोखीम २,०००. शंभर नग ३२० ला विकले, उरलेले शंभर ३०५ ला. बरेच जण पहिल्या अर्ध्याला २ आर आणि दुसऱ्याला अर्धा आर धरून अडीच आर लिहितात. हे चूक आहे, कारण प्रत्येक भागामागे निम्मीच जोखीम होती. बरोबर रीत अशी: दोन्ही भागांचा नफा २,००० अधिक ५००, म्हणजे २,५००. खर्च १८० वजा केला की २,३२०. भागिले सुरुवातीची पूर्ण जोखीम २,०००. उत्तर १.१६ आर, एका ओळीत. दोन वेगवेगळ्या दिवशी विकलं तर डीपी शुल्क दोनदा लागतं, तेही खर्चात धरा.

चढत्या भावात माल वाढवला. सर्वांत स्वच्छ मार्ग म्हणजे वाढवलेला माल नवा सौदा समजणं. त्याचा शिरण्याचा भाव वेगळा, त्याचा स्टॉपलॉस त्या दिवशीचा, त्याचा आर वेगळा. पहिल्या मालाच्या ओळीतली जोखीम तशीच राहते. ब्रोकरचा अहवाल मात्र आधी घेतलेला माल आधी विकला असं धरून चालतो. त्यामुळे काही नग विकल्यावर तुमच्या ओळी आणि ब्रोकरचा अहवाल ओळीओळीने जुळणार नाहीत. सगळा माल विकल्यावर एकूण रक्कम जुळली पाहिजे. ती जुळत नसेल तर खर्चात काहीतरी सुटलं आहे.

घसरत्या भावात सरासरी केली. ४२० चा माल ४०८ ला आला म्हणून आणखी घेतला आणि स्टॉपलॉस ४०५ वरून ३९० वर नेला, तर पहिल्या सौद्याचा आर १,५०० च राहतो. ३९० ला बाहेर पडलात तर त्या १०० नगांवर ३,००० गेले, म्हणजे खर्चाशिवाय उणे २ आर. नवी मोठी जोखीम भाजक म्हणून घेतली तर हा तोटा उणे एकसारखा दिसेल आणि वहीतून चूक दिसेनाशी होईल.

स्टॉपलॉसच नव्हता. अशा सौद्याला आर नाही. नंतर अंदाजाने स्टॉपलॉस ठरवून आर काढू नका. हे सौदे वेगळ्या पानावर रुपयांत ठेवा. दीर्घकालीन गुंतवणूक आणि एसआयपी या आलेखात घालूच नका. ऑप्शन खरेदी करून स्टॉपलॉस न ठेवणाऱ्यांनी भरलेला पूर्ण प्रीमियम आर धरावा. स्प्रेडमध्ये जास्तीत जास्त होऊ शकणारा तोटा हा आर. नुसते ऑप्शन विकणाऱ्यांनी स्टॉपलॉसवरून आर काढला तरी खरा तोटा त्याच्या कितीतरी पट होऊ शकतो, हे धरूनच तो आकडा वाचावा.

बोनस, स्प्लिट, लाभांश. एकास एक बोनस आला तर नग दुप्पट आणि भाव निम्मा होतो, पण रुपयांतली जोखीम बदलत नाही. म्हणून एफमधल्या आकड्याला हात लावू नका. सौदा चालू असताना मिळालेला लाभांश निव्वळ निकालात मिळवा.

कर वजा केला. तो या वहीत नको. कर वर्षभराच्या एकूण नफ्या-तोट्यावर ठरतो, एका सौद्यावर नाही. नोंदणीकृत शेअरवरचा अल्पकालीन भांडवली नफा २३ जुलै २०२४ पासून २० टक्के दराने करपात्र आहे. त्याचा हिशेब रुपयांत आणि ब्रोकरच्या कर-अहवालावरून करा. आरची वही विवरणपत्रासाठी चालणार नाही.

जवळचा स्टॉपलॉस आणि खर्चाचं ओझं

आर मोठा दिसावा म्हणून स्टॉपलॉस जवळ आणण्याचा मोह होतो. ५०० रुपयांच्या शेअरला २ रुपयांचा स्टॉपलॉस लावला, तर १० रुपये वाढीत ५ आर दिसतात. पण असा स्टॉपलॉस दिवसाच्या नेहमीच्या चढउतारातच लागतो, आणि खर्च आरचा मोठा वाटा खातो.

डिलिव्हरीच्या सौद्यात एसटीटी खरेदीवर ०.१ टक्का आणि विक्रीवर ०.१ टक्का लागतो, खरेदीवर मुद्रांक शुल्क ०.०१५ टक्का. बाकीचं धरून जाऊन-येऊन खर्च दलालीशिवायही पाव टक्क्याच्या आसपास, म्हणजे ०.२२ ते ०.२५ टक्के पडतो असं समजा. स्टॉपलॉस भावापासून ५ टक्के दूर असेल तर हा खर्च ०.०५ आर होतो. तो १ टक्क्यावर असेल तर तोच खर्च पाव आरच्या घरात जातो. सरासरी अर्धा आर मिळवणाऱ्या पद्धतीतून पाव आर खर्चात गेला, तर उरतं काय ते उघड आहे. म्हणूनच आर नेहमी खर्च वजा करून लिहा. इंट्राडेला एसटीटी कमी, फक्त विक्रीवर ०.०२५ टक्के आहे, पण तिथे स्टॉपलॉसही बहुधा अर्ध्या-एक टक्क्यावर असतो. तोच भागाकार तुमच्या आकड्यांवर करून पाहा.

आलेखावरून कोणते निर्णय घ्यायचे?

- किती सौद्यांनंतर निष्कर्ष काढायचा? वरचे दहा सौदे पुरेसे नाहीत. तीसच्या आत तर कुठलाच निर्णय घेऊ नका, शंभराच्या आसपास चित्र बरंच स्थिर होतं. तोवर एक चाचणी करा. सर्वांत मोठा नफा वगळून बेरीज पाहा. इथे २.५० वगळले तरी २.५१ आर उरतात, म्हणजे सगळा डोलारा एका सौद्यावर उभा नाही.

- जोखीम किती ठेवायची? आलेखातली सर्वांत मोठी घसरण आरमध्ये मोजा. इथे ४.३१ वरून १.९१, म्हणजे २.४० आर. पुढे याहून मोठी घसरण येईल असंच धरा. समजा सलग दहा आर गेले. प्रत्येक वेळी उरलेल्या भांडवलाच्या १ टक्का जोखीम घेत असाल, तर भांडवल साडेनऊ टक्क्यांच्या आसपास घटेल. ३ टक्के घेत असाल तर तब्बल २६ टक्के. झोप उडणार नाही असा आकडा यावरून निवडा आणि तो प्रत्येक सौद्याला सारखा लावा.

- कोणती पद्धत सोडायची? तक्त्यात पद्धतीचं नाव लिहिण्याचा एक स्तंभ वाढवा. ब्रेकआउटचे सौदे वेगळे, आधार पातळीवरची खरेदी वेगळी. प्रत्येकीची सरासरी आर वेगळी काढा. पुरेशा सौद्यांनंतरही जिची सरासरी शून्याखाली राहते, ती थांबवा.

हा आलेख काय सांगत नाही?

पहिली मर्यादा वेळेची. तीन दिवसांत मिळालेला एक आर आणि तीन महिन्यांत मिळालेला एक आर इथे सारखे दिसतात. दोन पद्धतींची तुलना करताना महिन्याकाठी किती आर मिळाले हेही पाहा.

दुसरी मर्यादा चालू सौद्यांची. आलेख संपलेल्या सौद्यांचा असतो. एकाच वेळी पाच बँकांचे शेअर प्रत्येकी एक आर जोखमीवर धरून ठेवले असतील, तर ते एकाच सकाळी एकत्र कोसळू शकतात. आलेखाला ते आधी दिसत नाही. म्हणून चालू सौद्यांची एकूण जोखीम किती आर आहे, हे दर आठवड्याला वेगळं लिहा.

तिसरी गोष्ट, आरची बेरीज म्हणजे तुमचं धन नाही. रुपयांचा स्तंभ काढून टाकू नका. घर रुपयांवर चालतं, आणि दोन आलेखांतली तफावत हीच या नोंदीतली सर्वांत उपयोगी माहिती आहे.

सुरुवात कुठून कराल?

मागच्या वर्षाचे सगळे सौदे आरमध्ये बसवायला जाऊ नका. ज्यांचा पहिला स्टॉपलॉस त्या वेळी लिहिलेला किंवा ब्रोकरच्या ऑर्डर बुकमध्ये नोंदलेला सापडतो, तेवढेच घ्या, बाकीचे सोडा. पुढचा सौदा टाकण्याआधी शिरण्याचा भाव, स्टॉपलॉस आणि नग हे तीन आकडे तक्त्यात भरा. ते भरता येत नसतील, तर तो सौदा करू नका.